पानामागे वर्षाला तीस पैसे

छोट्या दैनिकाच्या कचेरीतून मालकांकडे किंवा विश्वस्तांकडे जुन्या अंकांच्या जतनाचा प्रस्ताव गेला, तर तो सहसा एका ओळीत संपतो : ‘हार्ड डिस्क, ८ टीबी, १ नग’. अंक स्कॅन करून झालेले असतात, त्यावर बराच खर्च झालेला असतो, आणि आता ते ‘कुठेतरी नीट ठेवायचे’ एवढेच बाकी आहे असे सगळ्यांना वाटत असते. ही एक ओळ किती अपुरी आहे, ते आकडे मांडल्याशिवाय कळत नाही. म्हणून हुबळीतल्या एखाद्या छोट्या कन्नड दैनिकाच्या संपादकाने हाच प्रस्ताव नीट लिहायचा ठरवला तर त्यात काय काय यावे, ते इथे पूर्ण हिशेबासह मांडतो आहे.

हुबळी-धारवाडला वर्तमानपत्रांची जुनी परंपरा आहे. १९३३ साली सुरू झालेले ‘संयुक्त कर्नाटक’ याच शहरात रुजले. शेजारी बेळगावात ‘तरुण भारत’ १९१९ सालापासून मराठीत निघतो आहे. अशा मोठ्या पत्रांमागे संस्था असतात. आपला हिशेब त्यांच्याहून पुष्कळ लहान पत्राचा आहे. असे धरू की हे दैनिक १९७० पासून २०१९ अखेर ५० वर्षांचे अंक जपून आहे. पहिली ३० वर्षे ते चार पानी होते, नंतरची २० वर्षे आठ पानी झाले. सुट्ट्या आणि गहाळ अंक वगळून वर्षाला ३५० अंक धरले, तर एकूण अंक होतात १७,५००. पाने होतात पहिल्या काळातली ४२,००० आणि दुसऱ्या काळातली ५६,०००, मिळून ९८,०००. म्हणजे मोठे म्हणावे असे हे दप्तर नाही.

आता एक पान घेऊ. मोठ्या आकाराचे पान साधारण १५ इंच रुंद आणि २२ इंच उंच असते. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जुन्या वर्तमानपत्रांसाठी घालून दिलेले प्रमाण इंचाला ४०० ठिपक्यांचे आहे. त्या हिशेबाने रुंदीत ६,००० आणि उंचीत ८,८०० ठिपके बसतात. गुणाकार केला की एका पानात ५ कोटी २८ लाख ठिपके होतात. पान काळेपांढरे असेल तर प्रत्येक ठिपक्याच्या करड्या छटेला एक बाइट लागतो, म्हणजे पान ५२.८ एमबीचे होते. रंगीत असेल तर प्रत्येक ठिपक्याला तीन बाइट लागतात आणि तेच पान १५८.४ एमबी होते.

अलीकडच्या २० वर्षांत फक्त पहिले आणि शेवटचे पान रंगीत छापले असे धरले, तर १४,००० पाने रंगीत निघतात आणि ८४,००० काळीपांढरी. सगळ्यांची बेरीज ६.६५ टीबी होते. वाचकांना देण्यासाठी हलक्या पीडीएफ प्रती केल्या, तर पानामागे एक एमबी धरून त्यांची भर जेमतेम ०.१ टीबी पडते. ८ टीबीच्या डिस्कवर हे सगळे बसते. म्हणूनच प्रस्तावातली ती एक ओळ वरवर बरोबर वाटते.

कोणी विचारील की २००० नंतरची पाने तर संगणकावरच लागली, मग ती स्कॅन कशाला करायची? कारण त्या काळातल्या पेजमेकरच्या फायली आता सरळ उघडत नाहीत. उघडल्या तरी नुडीसारख्या युनिकोडपूर्व फॉन्टांतला कन्नड मजकूर तो जुना फॉन्ट नसेल तर भलत्याच अक्षरांत दिसतो. कागद मात्र वाचता येतो. पण तोही किती दिवस? लाकडाच्या लगद्यापासून केलेला वर्तमानपत्राचा कागद आम्लामुळे पिवळा पडतो आणि घडीवर तुटतो. बांधलेला खंड स्कॅनरवर एकदा सपाट पसरला की पुन्हा तसा पसरता येईलच असे नाही. पुष्कळ खंडांच्या बाबतीत हा स्कॅन शेवटचाच असणार, आणि पुढचा सगळा हिशेब हे गृहीत धरूनच केला आहे.

६.६५ टीबी हा आकडा आज कोणालाच मोठा वाटत नाही. तो बिटांत मोजून पाहा. एका बाइटमध्ये ८ बिट असतात, म्हणून या दप्तरात ५३ लाख कोटी बिट आहेत. प्रत्येक बिट म्हणजे ‘हो’ किंवा ‘नाही’ असे एक उत्तर. सेकंदाला एक या गतीने कोणी ही उत्तरे वाचायला बसले, तर त्याला सुमारे १७ लाख वर्षे लागतील. यंत्र मात्र हेच काम सेकंदाला १५० एमबी या गतीने साडेबारा तासांच्या आत करते. त्या साडेबारा तासांत ५३ लाख कोटी उत्तरांपैकी किती चुकतील, हा जतनाचा खरा प्रश्न आहे.

डिस्क बनवणारे याबद्दल स्वतःच एक आकडा छापतात. घरगुती वापराच्या साध्या डिस्कसाठी तो असा असतो : १ वर १४ शून्ये, म्हणजे १०० लाख कोटी बिट वाचल्यावर फार तर एका ठिकाणी वाचन फसेल. आपले दप्तर ५३ लाख कोटींचे आहे. म्हणजे ते सगळे दोनदा वाचून काढले की कारखान्याने मान्य केलेली चुकीची मर्यादा गाठली जाते. ही कमाल मर्यादा आहे आणि चांगली डिस्क प्रत्यक्षात हिच्याहून पुष्कळ बरी वागते. तरीही ५० वर्षांचे दप्तर त्या मर्यादेच्या इतक्या जवळ येते, हे मला विलक्षण वाटते. मोठ्या संस्था वापरतात त्या एलटीओ टेपचा हाच आकडा १ वर १९ शून्ये असा आहे. तिथे आपले दप्तर पावणेदोन लाखांहून जास्त वेळा वाचले तरी ती मर्यादा येत नाही. पण टेप वाचणारे यंत्र काही लाखांना पडते आणि एकट्या छोट्या दैनिकाला ते झेपणारे नाही. चार-पाच पत्रे किंवा संस्था एकत्र आल्या तर त्याचा विचार जरूर करावा.

चूक झाली की नेमके काय होते, ते एकाच पानावर पाहू. गायिका गंगूबाई हनगल २१ जुलै २००९ रोजी हुबळीत निवर्तल्या. दुसऱ्या दिवशी, २२ जुलैला, हुबळीतल्या कोणत्याही दैनिकाचे पहिले पान त्यांच्याच बातमीचे असणार. आपल्या दप्तरात ते पान `2009-07-22_01.tif` या नावाने, रंगीत, १५८.४ एमबीचे आहे असे समजू.

डिस्क बिघडते तेव्हा सहसा एकटा बिट जात नाही. ४,०९६ बाइटांचा एक सेक्टर एकदम वाचता येईनासा होतो. आपल्या पानाच्या एका ओळीत ६,००० ठिपके आहेत, प्रत्येकी तीन बाइटांचे. त्यामुळे गेलेला सेक्टर म्हणजे सुमारे १,३६५ ठिपके. कागदावर मोजले तर ही एक रेघ होते, पावणेनऊ सेंटिमीटर लांब आणि ०.०६ मिलिमीटर जाड. गंगूबाईंच्या छायाचित्रावरून ती गेली तरी पान वाचता येते आणि छायाचित्रही ओळखता येते.

तेच पान जागा वाचवण्यासाठी जेपेग करून चार-पाच एमबीत बसवलेले असते तर गोष्ट वेगळी झाली असती. जेपेगमध्ये रंगांच्या माहितीला आधीच्या माहितीचा आधार असतो. मध्येच ४,०९६ बाइट गेले की त्याखालचे पान सरकते, रंग बदलतात, आणि बहुतेक वेळा खालचा सगळा भाग करड्या पट्ट्यांचा होऊन बसतो. वरच्या बाजूला बिघाड झाला असेल तर जवळजवळ पूर्ण पान हातचे जाते. मूळ प्रत न दाबता टिफमध्ये ठेवावी असा माझा आग्रह आहे तो याचसाठी. जागा जास्त लागते, पण झालेले नुकसान जिथल्या तिथे राहते.

टिफचीही एक नाजूक जागा आहे. फाइलीचे पहिले ८ बाइट पुढची माहिती कुठे आहे ते सांगतात. तिथला एखादा बिट उलटला की दर्शक प्रोग्राम ‘फाइल उघडता येत नाही’ एवढेच म्हणतो. आत सव्वाशे कोटींहून जास्त बिट धडधाकट असतात आणि जाणता माणूस ते ८ बाइट पुन्हा लिहून पान परत मिळवू शकतो. पण फाइल बिघडली आहे हे त्याआधी कोणाला तरी कळायला हवे, आणि तिथेच बहुतेक ठिकाणी घोडे अडते. ९८,००० फायली कोण उघडून पाहणार? एका पानाला दहा सेकंद दिले तरी २७२ तास होतात. आणि उघडलेल्या पानावरची केसाएवढी रेघ डोळ्यांना दिसेलच असे नाही.

यावरचा उपाय फुकट आहे. प्रत्येक फाइलीवरून एसएचए-२५६ या पद्धतीने ६४ अक्षरांचा एक ठसा काढता येतो. फाइलीतला एक बिट जरी बदलला तरी ठसा ओळखू न येण्याइतका बदलतो. असे किती वेगवेगळे ठसे शक्य आहेत? ती संख्या ७८ अंकी आहे. त्यामुळे बिघडलेल्या पानाचा ठसा योगायोगाने मूळ ठशाशी जुळेल, ही शक्यता हिशेबात धरण्याचे कारण नाही. फायलींच्या नावांसह ९८,००० ठशांची यादी १० एमबीच्या आसपास बसते. स्कॅन हाती आल्याबरोबर, कुठेही नक्कल करण्याआधी ही यादी करायची. बॅगइट नावाची एक साधी पद्धत आहे : प्रत्येक वर्षाच्या पानांचे एक स्वतंत्र दप्तर आणि त्यातच `manifest-sha256.txt` या नावाची ठशांची यादी. ५० वर्षांची अशी ५० दप्तरे होतात. पुढे तपासणी करायची ती एवढ्याच ओळीने :

```
sha256sum -c --quiet manifest-sha256.txt
```

सगळे ठीक असेल तर पडद्यावर काहीच उमटत नाही. काही बिनसले असेल तर `data/2009-07-22_01.tif: FAILED` असे दिसते, म्हणजे फाइल वाचली गेली पण आतला मजकूर बदललेला आहे. `FAILED open or read` असे आले तर डिस्कलाच ती वाचता आली नाही. पहिला प्रकार जास्त घातक आहे. खराब केबल किंवा सदोष मेमरी यांमुळे नक्कल करतानाच तो होतो आणि त्या वेळी कसलीही तक्रार उमटत नाही. दुसऱ्या प्रकारात निदान डिस्क तरी बोलते.

प्रती किती ठेवायच्या, याचे उत्तरही या ठशांतून मिळते. एकच प्रत असेल तर बिघाड कळेल, पण दुरुस्त करता येणार नाही. दोन प्रती असतील आणि ठसे नसतील तर कोणती खरी हे ठरवता येणार नाही. ठसे आणि तीन प्रती असल्या की बिघडलेले पान दुसऱ्या प्रतीतून आणता येते, आणि तेवढ्यात ती प्रतही गेली तर तिसरी असते.

आता या प्रस्तावातला माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा आकडा. अमेरिकेतली बॅकब्लेझ ही साठवणुकीची कंपनी आपल्याकडच्या लाखो डिस्कांपैकी किती बंद पडल्या ते नियमाने जाहीर करते. २०२३ साली त्यांचे प्रमाण १.७० टक्के होते, २०२४ साली १.५७. आपण वर्षाला दीड टक्का धरू. म्हणजे एक डिस्क दहा वर्षांत कधीतरी बंद पडण्याची शक्यता १४ टक्के, सातात एक. ‘हार्ड डिस्क, १ नग’ या प्रस्तावाचा खरा अर्थ असा होतो की ५० वर्षांचे दप्तर सातात एक या जोखमीवर सोडायचे.

तीन डिस्का घेतल्या, तिन्हींवर नक्कल केली आणि त्या तीन ठिकाणी ठेवून दिल्या, पण दहा वर्षांत कोणी पाहिलेच नाही, तर तिन्ही गेलेल्या सापडण्याची शक्यता सुमारे ३६० त एक. पुष्कळ सुधारले. आता त्याच तीन डिस्का दर महिन्याला चालू करून पाहिल्या आणि बंद पडलेली लगेच बदलून तिच्यावर पुन्हा नक्कल केली, तर दप्तर जाण्यासाठी तिन्ही डिस्का एकाच महिन्यात बंद पडायला हव्यात. दहा वर्षांत म्हणजे १२० महिन्यांत असे घडण्याची शक्यता सुमारे ४३ लाखांत एक आहे. डिस्का त्याच, ठिकाणेही तीच. फक्त महिन्याकाठी कोणीतरी पाहिले म्हणून दप्तर जवळजवळ बारा हजार पट सुरक्षित झाले. तीन महिन्यांनी एकदा पाहिले तरी आकडा पावणेपाच लाखांत एक इतका राहतो.

या ४३ लाखांवर मात्र डोळे मिटून विसंबू नये. हा गुणाकार तेव्हाच खरा असतो जेव्हा तिन्ही डिस्का एकमेकींपासून खरोखर अलग असतात. एकाच दुकानातून, एकाच दिवशी, एकाच खोक्यातून घेतलेल्या डिस्कांत एकच कारखानदोष असू शकतो. एकाच कपाटातल्या तिन्ही डिस्कांना एकच आग पुरते. वळवाच्या पावसात वीज कोसळली आणि तिन्ही एकाच बोर्डाला लावलेल्या असल्या, तर सगळा हिशेब एका क्षणात संपतो. त्यामुळे डिस्का दोन-तीन वेगवेगळ्या कंपन्यांच्या, काही महिन्यांच्या अंतराने घेतलेल्या हव्यात. एक हुबळीच्या कचेरीत, दुसरी वीस किलोमीटरवर धारवाडात एखाद्या संस्थेकडे. १८९० साली स्थापन झालेला कर्नाटक विद्यावर्धक संघ किंवा कर्नाटक विद्यापीठ अशांना तशी विनंती करता येईल. हुबळी-धारवाडचे वादळ आणि वीजपुरवठा मात्र एकच, म्हणून तिसरी प्रत बेळगावला, पुण्याला किंवा बंगळूरला हवी.

यांपैकी निदान एक प्रत तपासणीपुरतीच संगणकाला लावायची आणि एरवी काढून ठेवायची. कारण दप्तरे डिस्कच्या मरणाने जातात तशी माणसाच्या हातूनही जातात. चुकून पुसलेला फोल्डर आपोआप नक्कल करणाऱ्या सोयीमुळे मिनिटभरात सगळीकडून पुसला जातो. खंडणीसाठी फायली कुलूपबंद करणारा व्हायरस जोडलेल्या सगळ्या डिस्का धरतो. सतत जोडलेल्या तीन प्रती अशा वेळी एकाच प्रतीसारख्या वागतात.

भाड्याची ऑनलाइन साठवण तिसऱ्या प्रतीसाठी चालेल का? चालेल. सगळ्यात स्वस्त थंड साठवणीला टेराबाइटमागे महिन्याला एक-दोन डॉलर पडतात. पण अपलोडची गती ५० एमबीपीएस असली तर ५३ लाख कोटी बिट वर चढवायला अखंड जवळपास साडेबारा दिवस लागतात, २० एमबीपीएस असली तर महिना. अशा साठवणीतून फाइल मागवली तर ती हाती यायला १२ ते ४८ तास लागू शकतात, आणि सगळे दप्तर परत उतरवण्याचे बिल वर्षभराच्या भाड्याच्या कित्येक पट येते. शिवाय भाडे एखाद्या वर्षी थकले की प्रत गेली. ज्या पत्राच्या जाहिरातींचे उत्पन्न मोसमावर असते, त्याने हे विसरू नये.

आता पैसे. ८ टीबीची सतत वापरायच्या दर्जाची डिस्क वीस हजारांना धरू. भाव वरखाली होतात, तेव्हा प्रस्ताव देताना त्या दिवशीचे दरपत्रक जोडावे. तीन डिस्कांचे ६०,०००. पाच वर्षांनी तिन्ही बदलायच्या, बंद पडल्या नसल्या तरीही, म्हणजे आणखी ६०,०००. तपासणीसाठी महिन्याला एक दिवसाचे काम, १,५०० रुपये. दहा वर्षांचे १,८०,०००. एकूण ३ लाख.

तपासणीच्या त्या दिवसात दर महिन्याला एक तृतीयांश दप्तरे घ्यायची, म्हणजे १६-१७ वर्षांचे अंक. डिस्कमागे ते काम सरासरी सुमारे चार तासांत होते आणि तीन महिन्यांत सगळे दप्तर एकदा वाचून होते. दर महिन्याला सगळेच वाचले तर डिस्कमागे वर्षाला ८० टीबी वाचन होते आणि साध्या डिस्कांना ते त्यांच्या नेमून दिलेल्या मर्यादेपेक्षा जास्त होऊ शकते. तृतीयांशाच्या पद्धतीने ते २७ टीबीच्या आत राहते. बाहेरगावच्या प्रतीसाठी प्रवास नको. तिथल्या माणसाने ती एक ओळ चालवायची आणि काय उमटले ते कळवायचे.

३ लाख ही रक्कम ऐकून विश्वस्त दचकतील. ती ९८,००० पानांत आणि दहा वर्षांत वाटली तर पानामागे वर्षाला जेमतेम ३० पैसे पडतात. अंकाच्या हिशेबाने वर्षाला १ रुपया ७० पैसे. आणि या रकमेतला साठ टक्के भाग तपासणीचा आहे. कात्री लावताना पहिला हात नेमका त्याच रकान्यावर पडतो, कारण डिस्क डोळ्यांना दिसते आणि तपासणी दिसत नाही. तिन्ही डिस्का ठेवल्या आणि तपासणी काढली, तर ४३ लाखांत एकवरून आपण पुन्हा ३६० त एकवर येतो. पैसे खरोखरच कमी असतील तर तपासणी तीन महिन्यांवर न्यावी; तो खर्च दहा वर्षांत ६०,००० वर येतो आणि एकूण प्रस्ताव १,८०,००० चा होतो. तिसरी डिस्क आणि तपासणी यांपैकी एकच परवडत असेल, तर मी तपासणी ठेवीन. दोन डिस्का आणि महिन्याची तपासणी यांनीही पाच हजारांत एक इतकी सुरक्षितता मिळते, न पाहिलेल्या तिन्ही डिस्कांपेक्षा सुमारे चौदा पट.

प्रस्तावासोबत एका वहीचा नमुना जोडावा. तिच्यात तारीख, डिस्कचा क्रमांक, कोणती वर्षे तपासली, किती फायली वाचल्या, किती नापास झाल्या, कोणत्या प्रतीतून दुरुस्त केल्या आणि सही एवढेच रकाने असावेत. वर्षातून एकदा विश्वस्तांपैकी कोणी मनाला येईल ती तारीख सांगावी आणि त्या दिवसाचा अंक बाहेरगावच्या प्रतीवरून मागवून, उघडून दाखवला जावा. आणि संपादक बदलला तर ही वही कोणाकडे जाईल, ते मंडळाच्या ठरावात माणसाच्या नावाने न लिहिता पदाच्या नावाने लिहावे, कारण दहा वर्षांत डिस्का एकदा बदलतील, पण माणसे त्याहून जास्त वेळा बदलतील.